दुखणे थांबले, खडे तसेच आहेत : पित्ताशयातील खडे, पथ्य आणि शस्त्रक्रियेचा सल्ला

प्रश्न : माझे वय ४६ आहे. गेल्या आषाढात घरी मटणाचे जेवण झाले आणि त्या रात्री पोटात वरच्या बाजूला उजवीकडे खूप दुखले, उलट्या झाल्या. नंतर दोनदा तसेच झाले. सोनोग्राफीत पित्ताशयात ४ ते ९ मिलिमीटरचे बरेच खडे निघाले. तेव्हापासून मटण, तेलकट, तिखट सगळे बंद केले आहे आणि चार महिने काही दुखलेले नाही. तरी डॉक्टर ऑपरेशनच करा म्हणतात. पथ्याने भागत असेल तर ऑपरेशन कशाला? खडे औषधाने विरघळणार नाहीत का?

उत्तर : मी गेली सत्तावीस वर्षे कोल्हापुरात पोटाच्या शस्त्रक्रिया करतो आहे आणि पित्ताशयाचे खडे घेऊन आलेल्या रुग्णांशी होणारे माझे निम्मे बोलणे तुमच्या या चार महिन्यांसारख्याच शांत काळाविषयी असते. तो काळ खरा आहे आणि तुम्ही पाळलेल्या पथ्याने तो मिळालेला असण्याची शक्यताही मोठी आहे. परंतु त्याचा अर्थ काय लावायचा, हे समजण्यासाठी त्या आषाढातल्या रात्री तुमच्या पोटात नेमके काय घडले, तेथून सुरुवात करावी लागेल.

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. आपण खात नसतो तेव्हा त्यातील बराचसा भाग यकृताखाली असलेल्या एका लहान पिशवीत साठतो आणि तेथे त्यातील पाणी शोषले जाऊन तो दाट होतो. ही पिशवी म्हणजे पित्ताशय. तिच्यात एका वेळी जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर रस मावतो. जेवणातील स्निग्ध पदार्थ जठरातून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरले की त्या भागाच्या अस्तरातून कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडले जाते, त्याच्या हुकमाने पित्ताशय आकुंचन पावते आणि साठवलेला रस आतड्यात ढकलते. जेवणात तूप-तेल जितके जास्त, तितके हे पिळणे जोरकस. पिशवीत खडे असतील तर रसाबरोबर तेही तोंडाकडे सरकतात आणि एखादा खडा मानेशी अडकतो. मग बंद तोंडाची पिशवी स्वतःला पिळत राहते आणि आतला दाब वाढतो. तुम्हाला जे दुखले ते या दाबामुळे. काही तासांनी आकुंचन ओसरते, खडा घरंगळून पुन्हा पिशवीच्या तळाशी जातो आणि दुखणे जसे आले तसे निघून जाते. खडा त्या वेळी कोठेही बाहेर पडलेला नसतो.

या दुखण्याची एक ठरावीक चाल आहे आणि ती ओळखता येणे फार उपयोगाचे आहे. बरगड्यांच्या खाली मधोमध किंवा उजवीकडे ते सुरू होते, पंधरा-वीस मिनिटांत किंवा फार तर तासाभरात टोकाला पोचते आणि तेथेच एकसारखे टिकून राहते. कळा येऊन जाव्यात तसे ते सहसा कमी-जास्त होत नाही. अनेकांना ते उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत किंवा पाठीत गेल्यासारखे वाटते. मळमळ आणि उलटी होते, परंतु उलटीने, शौचाने किंवा कुशी बदलल्याने आराम पडत नाही. रात्रीच्या जेवणानंतर एक-दोन तासांनी किंवा झोप लागल्यावर मध्यरात्री ते येणे अगदी नेहमीचे आहे. अर्ध्या तासापासून चार-पाच तासांपर्यंत ते राहते.

येथे आपल्या भाषेतला एक शब्द बराच घोळ घालतो. ‘पित्त झाले’ असे आपण म्हणतो तेव्हा आपल्याला जठरातील आम्ल अभिप्रेत असते: छातीत जळजळ, आंबट ढेकर, डोके दुखणे. पित्ताशयातील पित्तरसाचा त्याच्याशी संबंध नाही. तरीही दोन्हींना एकच नाव असल्यामुळे कितीतरी रुग्ण पित्ताशयाच्या दुखण्यावर वर्षभर पित्ताच्या गोळ्या, कोकम सरबत आणि मोरावळा घेत राहतात. दुखणे चार तासांनी आपोआपच थांबणार असते, आणि श्रेय शेवटी घेतलेल्या गोळीला मिळते. याच्या उलटही घडते: ज्यांना केवळ जळजळ आणि गॅसचा त्रास आहे, त्यांच्या सोनोग्राफीत योगायोगाने खडे सापडतात आणि सगळा दोष खड्यांवर जातो. त्यामुळे सोनोग्राफीचा कागद पाहण्याआधी मी रुग्णाकडून दुखण्याची हकीकत पूर्ण ऐकून घेतो. तुमचे वर्णन मात्र पित्ताशयाच्या दुखण्याशी तंतोतंत जुळते. एक खबरदारी तेवढी सांगतो. चाळिशीनंतर पोटाच्या वरच्या मध्यभागी दुखून घाम फुटला, दम लागला किंवा छातीत आवळल्यासारखे झाले, तर खडे असल्याचे माहीत असले तरी आधी ईसीजी काढलाच पाहिजे, कारण हृदयविकाराचा झटकाही त्याच जागी दुखतो.

आता पथ्याकडे वळू. तुम्ही मटण, तेलकट आणि तिखट या तिन्ही गोष्टी एका दमात सोडल्या आहेत, पण पित्ताशयाच्या दृष्टीने त्या सारख्या नाहीत. मिरचीने पित्ताशय आकुंचन पावत नाही. पावते ते चरबीने. आपल्याकडे हा फरक न कळल्यामुळे होणारी चूक मी पुनःपुन्हा पाहिली आहे. तांबडा रस्सा तिखट म्हणून बाजूला सारला जातो आणि पांढरा रस्सा सौम्य म्हणून दोन वाट्या जास्त घेतला जातो. तांबड्या रश्श्यावरची तर्री निदान डोळ्यांना दिसते आणि चमच्याने काढता येते, परंतु पांढऱ्या रश्श्यात नारळाचे दूध, काजू, तीळ आणि खसखस एकजीव झालेली असते आणि खाली मटणाची अळणी, म्हणजे मटण शिजवलेले पाणी असते, म्हणजे त्यातली चरबी दिसत नाही आणि काढताही येत नाही. तीच गोष्ट दुधाची. म्हशीच्या दुधात साधारण ६ ते ७ टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे पाव लिटरच्या एका पेल्यातून १५ ते १७ ग्रॅम चरबी पोटात जाते. गंगावेशीत संध्याकाळी धारोष्ण दुधाचा पेला घेणारा, माळ घातलेला आणि आयुष्यात मटणाला न शिवलेला रुग्ण मला विचारतो की आपल्याला हा त्रास कसा झाला, तेव्हा त्याचे उत्तर बहुधा त्या पेल्यात आणि घरच्या लोणकढ्या तुपात असते.

म्हणून पथ्याचा हिशेब पदार्थांच्या नावावर न करता चरबीच्या मापावर करावा. चहाचा एक चमचा तेल म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम चरबी. एका बैठकीत एकूण १० ते १५ ग्रॅम चरबी जाईल असे जेवण बहुतेक रुग्णांना सोसते. मिसळीचा कट आणि वरून फरसाण, तळलेली भजी, किंवा मटणाचे ताट याच्या दुप्पट-तिप्पट सहज होते. घरात सांगायला सोपे माप असे की फोडणी, भाजी, आमटी सगळे धरून माणशी दिवसाला चार चमचे, म्हणजे २० मिलिलिटर तेल. चार माणसांच्या घराला महिन्याला सुमारे अडीच लिटर. दूध गाईचे घ्यावे, किंवा म्हशीचे असल्यास तापवून, थंड करून साय काढलेले. मटण खावेसे वाटलेच तर चरबी काढलेले मोजके तुकडे घ्यावेत आणि अळणी फ्रिजमध्ये थंड करून वर गोठलेला थर काढून टाकावा. अंड्यातील पिवळा बलक पित्ताशयाला चांगलाच पिळतो, पांढऱ्या भागाने तसे होत नाही. नदीतील कमी चरबीचे मासे, डाळी, भाकरी, ताक आणि भाज्या यांना काही हरकत नाही, आणि वरणात मिरची-लसणाची चुरचुरीत फोडणी एका चमच्यात करून घातली तर तीही चालते.

मात्र चरबी पूर्ण बंद करू नका. भीतीपोटी काही जण तेलाचा थेंबही न घेता उकडलेले खातात आणि महिन्याला पाच-सहा किलो वजन उतरवतात. पित्ताशय नीट रिकामे होण्यासाठी दिवसातून एका जेवणात तरी दहा ग्रॅमच्या आसपास चरबी लागते. तीही मिळाली नाही तर रस आत साचून राहतो, गाळ धरतो आणि नवे खडे होतात. भराभर वजन उतरले तर यकृतातून पित्तरसात जास्त कोलेस्टेरॉल येते आणि त्या प्रक्रियेला गती मिळते. वजन कमी करायचे असेल तर आठवड्याला अर्धा किलो हा वेग पुरे. उपवासाचेही असेच आहे. नवरात्रात दिवसभर पोट रिकामे ठेवायचे, त्या वेळात पित्ताशय तुडुंब भरू द्यायचे आणि संध्याकाळी शेंगदाण्याचा कूट व तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी खायची, हा क्रम खडे असलेल्या पित्ताशयासाठी अगदी वाईट आहे, कारण शेंगदाण्यात जवळपास निम्मी चरबी असते. उपवास करायचाच असेल तर दर तीन-चार तासांनी फळ, ताक, वरीचा भात असे थोडेथोडे घ्यावे.

एवढे सगळे काटेकोरपणे पाळले तरी काय उरते, ते मी एका रुग्णाच्या हकीकतीतून सांगतो. राधानगरी रस्त्यावरच्या एका गावातील ५१ वर्षांचे शेतकरी दोन वेळा असेच दुखून गेल्यावर माझ्याकडे आले होते. खडे ३ ते ५ मिलिमीटरचे, संख्येने पुष्कळ. शस्त्रक्रियेचा सल्ला दिला, पण उसाची तोडणी तोंडावर होती आणि दुखणे थांबले होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने पथ्य मात्र असे पाळले की मी पुढे इतरांना त्यांचे उदाहरण देऊ लागलो. घरात दोन म्हशी असूनही दूध-तूप वर्ज्य केले, आणि जत्रेच्या जेवणालाही ते गेले नाहीत. चौदा महिने एकदाही दुखले नाही. मग एका रात्री ज्वारीची भाकरी, चमचाभर तेलातली मेथीची भाजी आणि ताक एवढेच जेवून ते झोपले आणि दोन वाजता पोटाच्या मध्यभागातून थेट पाठीत आरपार जाणाऱ्या वेदनेने उठले. पुढे वाकून बसल्यावर किंचित बरे वाटे, आडवे झाले की सहन होईना. उलट्या थांबेनात. गावात पित्ताचे म्हणून एक इंजेक्शन दिले गेले आणि त्यात पाच-सहा तास गेले.

सकाळी आले तेव्हा त्यांची नाडी ११८ होती, ओठ कोरडे पडले होते आणि डोळ्यांत हलकी पिवळी छटा होती. स्वादुपिंडाला सूज आली की रक्तात वाढणारे लायपेज नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या वीसपट निघाले, काविळीत वाढणारे बिलिरुबिन ३.८ आणि यकृताचे एसजीपीटी ३१०. सोनोग्राफीत यकृतातून येणारी मुख्य पित्तनलिका ९ मिलिमीटर रुंद दिसली, जी त्या वयात साधारण ६ च्या आत असायला हवी. एक बारीक खडा पित्ताशयातून बाहेर निसटून मुख्य नलिकेत उतरला होता. नलिकेच्या खालच्या टोकाशी, जेथे स्वादुपिंडाची नलिकाही येऊन मिळते तेथे, तो अडकला आणि स्वादुपिंडाला सूज आली. शिरेतून सलाइन आणि वेदनाशामक औषधे सुरू केली. तिसऱ्या दिवशी बिलिरुबिन १.६ वर उतरले, म्हणजे खडा आतड्यात निघून गेला होता. त्यांना भूक लागली आणि पातळ खाणे सुरू केले. एमआरसीपी नावाच्या तपासणीत नलिका मोकळी असल्याची खात्री करून सहाव्या दिवशी, त्याच मुक्कामात, दुर्बिणीतून पित्ताशय काढले, कारण घरी पाठवून ‘नंतर या’ म्हटले तर मधल्या आठवड्यांत दुसरा खडा निसटण्याचा धोका असतो. ते बरे झाले. स्वादुपिंडाची अशी सूज पाचांपैकी चौघांत त्यांच्यासारखी सौम्य राहते. पाचव्याला अतिदक्षता विभागात आठवडेच्या आठवडे काढावे लागतात आणि त्यातील काही रुग्ण दगावतात. कोणाची सूज कोणत्या वाटेने जाईल, हे पहिल्या रात्री सांगता येत नाही.

त्यांच्या पत्नीने मला विचारले होते की पथ्यात आमचे काय चुकले. त्यांचे काहीही चुकले नव्हते. पित्ताशय केवळ तुपकट जेवणानंतर आकुंचन पावते असे नाही. साध्या जेवणानंतरही ते काही प्रमाणात रिकामे होते, आणि उपाशीपोटी, झोपेतसुद्धा, ठरावीक अंतराने थोडे पिळले जाते. पथ्याने जोराचे पिळणे कमी होते, त्यामुळे दुखण्याचे प्रसंग कमी होतात. परंतु तीन मिलिमीटरच्या खड्याला निसटण्यासाठी जोर लागतोच असे नाही. पथ्यामुळे गुंतागुंत टळते असे आजवर सिद्ध झालेले नाही, आणि मी पथ्यावर विसंबून थांबू देत नाही त्याचे हेच कारण आहे.

येथे खड्याच्या आकाराविषयीचा एक समज उलटा करून घ्यावा लागतो. ‘माझे खडे बारीक आहेत, तेव्हा घाई नाही’ असे रुग्ण म्हणतात. दोन सेंटिमीटरचा खडा पित्ताशयाच्या मानेत अडकून पिशवीला सूज आणू शकतो, पण बाहेर निसटू शकत नाही. काविळीला आणि स्वादुपिंडाच्या सुजेला कारण होतात ते बहुधा पाच मिलिमीटरच्या आतबाहेरचे. तुमच्या अहवालातील ४ ते ९ या आकड्यांमध्ये मला ९ पेक्षा ४ ची काळजी जास्त वाटते.

तरीही प्रत्येक खड्याला शस्त्रक्रिया हवी, असे मी म्हणणार नाही. आरोग्य तपासणीत सहज खडे सापडले आणि वर वर्णन केलेले दुखणे कधीच झालेले नसेल, तर अशा शंभर माणसांपैकी वर्षाला एक-दोघांनाच त्रास सुरू होतो आणि बहुसंख्य लोक आयुष्यभर शांत राहतात. त्यांना मी काही मोजके अपवाद सोडल्यास, उदाहरणार्थ तीन सेंटिमीटरहून मोठा खडा किंवा पित्ताशयाच्या भिंतीत चुना साचलेला असणे, शस्त्रक्रिया न करण्याचाच सल्ला देतो. पण एकदा खरे दुखणे झाले की खडा तोंडाशी येऊन अडकतो हे त्या पित्ताशयाने दाखवून दिलेले असते. अशा रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांना पुढच्या एक-दोन वर्षांत पुन्हा दुखते आणि दर वर्षी शंभरात एक ते तिघांना गंभीर गुंतागुंत होते. एका वर्षापुरता हा आकडा लहान वाटतो. परंतु तुम्ही ४६ वर्षांच्या आहात आणि पुढची तीस वर्षे हा हिशेब दर वर्षी नव्याने मांडला जाणार आहे. ऐंशी वर्षांच्या, हृदय दुबळे असलेल्या आजोबांसाठी याच आकड्यांवरून मी उलट निर्णय घेईन आणि पथ्यावरच थांबेन.

औषधाने खडे विरघळवण्याविषयी तुम्ही विचारले आहे. अर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या खऱ्या आहेत आणि काही खडे त्यांनी विरघळतातही, परंतु त्यासाठी खडे कोलेस्टेरॉलचे, चुना न धरलेले आणि लहान असावे लागतात, पित्ताशय नीट आकुंचन पावणारे असावे लागते आणि गोळ्या सहा महिने ते दोन वर्षे घ्याव्या लागतात. एवढे करून खडे गेले तरी गोळी बंद केल्यावर पाच वर्षांत जवळपास निम्म्या रुग्णांत ते पुन्हा होतात. शिवाय विरघळताना मोठा खडा लहान होतो, आणि लहान खड्याचे काय होते ते वर सांगितलेच आहे. हुलग्याचे कढण आणि पानफुटीची पाने आपल्याकडे घरोघरी सांगितली जातात, पण ती मुतखड्यासाठी. मुतखडा लघवीच्या वाटेत असतो आणि पुष्कळ पाणी प्यायल्याने बारीक मुतखडा वाहून जाऊ शकतो. पित्ताशयातून लघवी जात नाही, त्यामुळे कितीही पाणी प्यायले तरी ते खड्यांपर्यंत पोचत नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या ऑलिव्ह तेल आणि लिंबूरसाच्या उपायाबद्दल मात्र मी कळकळीने सांगतो की तो करू नका. दुसऱ्या दिवशी शौचात दिसणाऱ्या हिरव्या मऊ गोळ्या हे खडे नसतात. तेल आणि लिंबाचा रस यांचा आतड्यात झालेला तो साबण असतो. आणि खडे भरलेल्या पित्ताशयावर पेलाभर तेल ओतणे म्हणजे आषाढातली ती रात्र स्वतःहून ओढवून घेणे आहे.

‘मग नुसते खडे काढा, पिशवी राहू द्या’ ही विनंतीही मला नेहमी होते. खडा हे या आजाराचे फळ आहे. ते फळ धरणारी पिशवी आणि तिच्यात येणारा कोलेस्टेरॉल जास्त झालेला रस तसाच राहिला, तर खडे पुन्हा होतात. १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी पहिल्यांदा पित्ताशय काढले ते याच विचाराने, आणि तो विचार आजही टिकून आहे. १९८५ साली जर्मनीत एरिख म्यूहे यांनी ही शस्त्रक्रिया पोट न उघडता केली, १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्तन उडवाडिया यांनी ती भारतात आणली आणि आज आपल्या जिल्ह्यातही ती रोजची झाली आहे.

तिच्यात काय होते, ते थोडक्यात सांगतो. पूर्ण भूल देऊन पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, अर्धा ते एक सेंटिमीटरच्या चार छिद्रांतून दुर्बीण व हत्यारे आत घालतात, पित्ताशयाची नलिका आणि धमनी दोन्ही स्वच्छ मोकळ्या करून स्वतंत्र दिसल्यावरच त्यांना क्लिप लावून कापतात आणि पिशवी यकृतापासून सोडवून बेंबीच्या छिद्रातून बाहेर काढतात. नियोजित शस्त्रक्रियेला तासभर लागतो आणि बहुतेक जण दुसऱ्या दिवशी घरी जातात. धोके लपवून ठेवण्याचे कारण नाही. हजारात तीन ते पाच जणांत मुख्य पित्तनलिकेला इजा होते आणि ती इजा गंभीर असते. शंभरात दोन ते पाच जणांत दुर्बिणीतून पुढे जाणे सुरक्षित वाटत नाही म्हणून पोट उघडावे लागते, आणि हा निर्णय शल्यविशारदाचे अपयश समजू नये. हे दोन्ही धोके सुजलेल्या, चिकटलेल्या पित्ताशयात वाढतात. ज्या शांत काळाकडे बोट दाखवून तुम्ही थांबू इच्छिता, तोच काळ या शस्त्रक्रियेसाठी सर्वांत चांगला असतो, हे मला तुमच्या लक्षात आणून द्यायचे आहे. आजारपण अंगावर घेऊन मध्यरात्री आलेल्या रुग्णाचेही पित्ताशय आम्ही काढतो, सूज आल्यापासून पहिल्या काही दिवसांत काढणेच बरे असते. पण तुमच्यासारख्या स्थितीत ते जितके सुटसुटीत निघते, तितके तेव्हा निघत नाही.

पित्ताशय गेल्यावर पचन बंद पडत नाही. यकृत रस करीतच राहते, तो पिशवीत न साठता थेंबाथेंबाने थेट आतड्यात येतो. पहिले दोन-तीन आठवडे तेल-तूप बेताचे ठेवावे आणि मग एकेक पदार्थ वाढवत नेहमीच्या जेवणावर यावे. काही जणांना तुपकट जेवणानंतर पातळ शौचास होते. बहुतेकांचे ते काही महिन्यांत कमी होते, ज्यांचे होत नाही त्यांच्यासाठी औषध आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट झालेली बरी: शस्त्रक्रियेने ते ठरावीक, तासन्‌तास टिकणारे दुखणे जाते. पोट फुगणे, ढेकर, जळजळ यांचे कारण अनेकदा वेगळे असते आणि ते त्रास मागे राहू शकतात. तुम्हाला तेही होत असतील तर शस्त्रक्रियेपूर्वी तुमच्या डॉक्टरांना सांगा, म्हणजे गरज वाटल्यास ते एंडोस्कोपी करून घेतील.

तुमच्या बाबतीत मी पुढील क्रमाने गेलो असतो. जुन्या सोनोग्राफीला चार महिने झाले असतील, तर सहा तास उपाशी राहून ती पुन्हा करावी आणि अहवालात तीन गोष्टी पाहाव्यात: पित्ताशयाची भिंत ३ मिलिमीटरच्या आत आहे का, मुख्य नलिकेची रुंदी किती आहे आणि तिच्यात खडा दिसतो का. सोबत यकृताच्या रक्त तपासण्या कराव्यात. बिलिरुबिन किंवा अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले असेल, किंवा नलिका रुंद असेल, तर आधी एमआरसीपी आणि नलिकेत खडा निघाल्यास ईआरसीपीने, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, तो काढणे, मग पित्ताशय. सगळे ठीक असेल तर सरळ शस्त्रक्रिया, आणि ती घरातली कार्ये, मुलांच्या परीक्षा पाहून तुमच्या सोयीने ठरवता येते. उद्याच करावी अशी निकड नाही, पण वर्षभर पुढे ढकलावी अशीही ती नाही. माझ्या दृष्टीने येत्या दोन-तीन महिन्यांत ती व्हावी. मधुमेह असेल तर आणखी लवकर, कारण मधुमेहात पित्ताशयाची सूज लवकर चिघळते आणि दुखणे कधी कधी फसवे सौम्य राहते.

तोपर्यंत पथ्य चालू ठेवा. पुन्हा दुखले आणि पाच-सहा तासांत थांबले नाही, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले, लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा शौच पांढुरके झाले, किंवा दुखणे पाठीत आरपार जाऊन उलट्या थांबेनाशा झाल्या, तर सकाळ होण्याची वाट न पाहता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा. वेदनेसाठी दिलेल्या इंजेक्शनाने बरे वाटले तरी त्या दिवशी लायपेज आणि बिलिरुबिन तपासल्याशिवाय घरी परतू नका.

शस्त्रक्रिया झाल्यावर खड्यांची लहान डबी तुमच्या हातात दिली जाईल, ती नातेवाइकांना दाखवायला ठीक आहे. पण काढलेली पिशवी सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यासाठी पाठवतात आणि तिचा अहवाल साधारण आठवड्याभराने येतो. क्वचित एखाद्या पिशवीत कर्करोगाची सुरुवात बाहेरून काहीही न दिसता लपलेली असते, आणि ती त्या कागदावरच कळते. टाके दाखवायला याल तेव्हा तो अहवाल मागून घ्या, डॉक्टरांसमोर वाचून घ्या आणि घरच्या फाइलमध्ये ठेवा.